चावी १८ दिवस उशिरा मिळाली, तरी ओनर पूर्ण महिन्याचं भाडं धरून बसलाय

प्रश्न: पुण्यात २ बीएचके घेतलाय, ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, १ जूनपासून, भाडं २८,००० आणि डिपॉझिट ८४,०००. डिपॉझिट आणि जूनचं भाडं मे मध्येच दिलं, थम पण झाले. पण आधीचा भाडेकरू निघालाच नाही, मग रंगकाम, मग किचनच्या ट्रॉल्या. चावी १२ जूनला मिळाली पण सुतार १८ पर्यंत आत होता, आम्ही १९ ला सामान हलवलं. तोपर्यंत बायको, मुलगी आणि मी गेस्टहाऊसवर, रोज १,५००, सामान गोडाऊनमध्ये (४,५००), टेम्पो पुन्हा करावा लागला (३,५००). ४ जूनला ओनर काकांना व्हॉट्सअ‍ॅप केलेलं की जेवढे दिवस उशीर तेवढं भाडं कमी करावं लागेल, ते म्हणाले 'हो हो बघू'. आता म्हणतात अ‍ॅग्रीमेंट १ तारखेचं आहे, काही कमी होणार नाही, वाटल्यास शेवटी १८ दिवस जास्त राहा. जुलैचं भाडं ५ तारखेला द्यायचंय. कापून देऊ का?

उत्तर:

मी पुण्यात वीसेक वर्षं भाड्याची अ‍ॅग्रीमेंट आणि त्यातून निघणारी भांडणं बघतोय, आणि उशिरा ताब्याच्या जवळजवळ प्रत्येक केसमध्ये भाडेकरू एकच चूक करतो, तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो आणि 'माझं एवढं एवढं नुकसान झालं' म्हणून एक मोठा आकडा ओनरपुढे ठेवतो. ओनर तो आकडा बघून भडकतो आणि सगळ्यालाच नाही म्हणतो. तुमच्याकडेही दोन गोष्टी आहेत. एक, ज्या दिवसांत घर तुमच्या ताब्यात नव्हतंच त्या दिवसांचं भाडं. दुसरी, उशीर झाल्यामुळे तुम्हाला बाहेर जो जादा खर्च करावा लागला तो. पहिली गोष्ट भरपाई नाहीये, ते भाडं मुळात लागूच झालेलं नाही. दुसरी खरी नुकसानभरपाई आहे आणि तिला कायद्यात एक अट आहे जी बहुतेकांना माहीतच नसते. म्हणून दोन्ही वेगवेगळं मागायचं, वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्यात.

पहिल्याचं आधी बघू. तुमचं अ‍ॅग्रीमेंट लिव्ह अँड लायसन्स आहे म्हणजे कायद्याच्या भाषेत ओनरने तुम्हाला त्याची जागा वापरायची परवानगी दिलीये आणि त्या परवानगीचा मोबदला म्हणून तुम्ही दरमहा लायसन्स फी देताय (आपण भाडं म्हणतो, कागदावर ते लायसन्स फी किंवा कॉम्पेन्सेशन असतं). नेटवर शोधलंत तर ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टचं कलम १०८ समोर येईल, मालकाने भाडेकरूला ताबा दिलाच पाहिजे वगैरे, पण ते लीजसाठी आहे, लायसन्ससाठी नाही, त्यामुळे ओनरच्या वकिलाला ते दाखवायला जाऊ नका, तो हसेल. तुमचा आधार आहे १८७२ चा करार कायदा, कलम ५४. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा की दोघांनी एकमेकांना वचन दिलंय आणि एकाचं वचन पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याकडे मागताच येत नाही अशी रचना असेल, तर ज्याने आधीचं पाळलं नाही त्याला दुसऱ्याकडून त्याचं वचन मागता येत नाही, उलट त्यालाच भरपाई द्यावी लागते. ओनरचं वचन होतं की १ जूनपासून घर वापरायला देतो. वापरायलाच दिलं नाही तर वापराचे पैसे कसले? दूधवाल्याने अकरा दिवस दूध टाकलं नाही आणि महिन्याचं पूर्ण बिल लावलं तर आपण काय म्हणू, तेवढंच हे.

'अ‍ॅग्रीमेंट १ तारखेचं आहे' हे वाक्य ओनर लोक ब्रह्मवाक्य असल्यासारखं बोलतात. अहो तेच तर तुमच्या बाजूने आहे. १ तारीख लिहिलीये याचा अर्थ १ तारखेला घर द्यायचं बंधन त्यांच्यावर होतं. मात्र एक गोष्ट आत्ता, हे वाचतावाचता, उठून बघा. तुमच्या रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'लायसन्सरने लायसन्सीला आज रोजी जागेचा ताबा दिला आहे' अशा अर्थाचं वाक्य कुठे आहे का. काही एजंटांच्या ठोकळेबाज ड्राफ्टमध्ये ते असतं आणि थम देताना कोणी वाचत नाही. असेल तर केस संपत नाही, कारण तुमचे नंतरचे व्हॉट्सअ‍ॅप आणि गेस्टहाऊसची बिलं उलट सांगतातच, पण मग पुराव्याचं ओझं तुमच्या डोक्यावर जास्त येतं. आणि दुसरं बघा की 'कोणत्याही कारणास्तव लायसन्स फीमधून कपात करता येणार नाही' असं काही आहे का. ते असेल तर खाली मी कापून देण्याबद्दल जे लिहिलंय ते करू नका, फक्त लेखी मागणी करा आणि पुढचं वकिलाला कागद दाखवून ठरवा.

आता दिवस मोजू, कारण इथेच बोलणी तुटतात. तुम्ही १८ दिवस धरताय, काका म्हणतील चावी १२ ला दिली म्हणजे ११ दिवस. दोघांचंही थोडं खरं आहे. म्हणून मी नेहमी काळाचे तुकडे पाडतो. १ ते ११ जून, ११ दिवस, चावीच नाही, यावर वाद घालायला काकांकडे काहीही नाही. १२ ते १८ जून, ७ दिवस, चावी हातात पण आत सुतार. इथे प्रश्न येतो की ताबा म्हणजे काय. चावी हातात आली म्हणजे ताबा आला असं ओनर धरतो, पण तुम्ही घेतलंय ते राहण्यासाठीचं घर, आणि ज्या घराच्या स्वयंपाकघरात ओटा उघडा पडलाय, ट्रॉल्या बाहेर काढून ठेवल्यात, भुसा उडतोय, सुतार सकाळी दहाला येऊन संध्याकाळी सातला जातोय, ते घर राहण्यासाठी दिलं असं म्हणता येत नाही. पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, तुम्ही १२ ला चावी घेताना काही लिहिलंत का? 'किचन अजून अपुरं आहे, कधी संपेल' असा साधा मेसेज, किंवा १४-१५ तारखेला काढलेला सुतारकामाचा एखादा फोटो? असेल तर हे ७ दिवस बऱ्यापैकी पक्के. नसेल तर सुताराला फोन केलेला असेल, सोसायटीच्या गेटवर त्याच्या रोजच्या एंट्री असतील, वॉचमनच्या रजिस्टरचा किंवा गेट अ‍ॅपच्या नोंदीचा फोटो घ्या, आत्ता मिळेल, सहा महिन्यांनी मिळणार नाही.

अशा केसमध्ये ओनर कधीकधी म्हणतो की ट्रॉल्या तर तुमच्यासाठीच करत होतो. तसं असेल, म्हणजे तुम्ही घर बघताना 'ट्रॉल्या बदलून द्या तरच घेतो' म्हणाला असाल, तरी काम १ तारखेच्या आत संपवायची जबाबदारी त्यांचीच. पण जर तुम्ही जूनमध्ये मध्येच रंग बदलायला सांगितला किंवा एक कपाट वाढवून मागितलं आणि त्यामुळे चार दिवस वाढले, तर ते चार दिवस प्रामाणिकपणे वजा करा. दहा माणसांत दोनदा असं निघतं की उशिराचा एक तुकडा भाडेकरूच्याच मागणीमुळे असतो आणि तो लपवला की बाकीच्या सगळ्यावरचा विश्वास जातो.

हिशोब सोपा आहे. जून ३० दिवसांचा, २८,००० भागिले ३०, दिवसाला ९३३ रुपये ३३ पैसे. पहिले ११ दिवस १०,२६७ रुपये, पुढचे ७ दिवस ६,५३३, एकूण १६,८००. म्हणजे जूनचं खरं भाडं १२ दिवसांचं ११,२००. दिवस मोजताना १९ तारीख तुमच्याकडे धरा, त्या दिवशी तुम्ही राहायला आलात, तो एक दिवस ओढू नका, तेवढ्यासाठी वाद वाढवण्यात अर्थ नाही. आणि ३० ने भागायचं की ३१ ने, की वर्षाचे ३६५ धरून, असं कोणी काढलं तर ज्या महिन्यातले दिवस त्या महिन्याच्या दिवसांनी भागायचं, भाड्याच्या व्यवहारात हीच सरळ रीत आहे.

आता दुसरी पिशवी. गेस्टहाऊस १८ रात्रींचे २७,०००, गोडाऊन ४,५००, टेम्पो ३,५००, बेरीज ३५,०००. त्यात भाड्याचे १६,८०० मिळवून लोक ५१,८०० मागतात. हे चूक आहे, आणि फक्त उद्धटपणा म्हणून चूक नाही, गणित म्हणून चूक आहे. विचार करा, ओनरने सगळं वेळेवर केलं असतं तर त्या १८ दिवसांचं भाडं १६,८०० तुम्ही दिलंच असतं ना? मग भाडं माफ झाल्यावर गेस्टहाऊसपायी तुमचं खरं नुकसान २७,००० नाही, २७,००० वजा १६,८००, म्हणजे १०,२०० आहे. करार कायद्याचं कलम ७३ एवढंच देतं, करार पाळला असता तर तुम्ही जिथे असता तिथे आणून ठेवतं, त्याच्या पुढे नाही. त्यात गोडाऊन आणि टेम्पो मिळवले की १८,२००. म्हणजे तुमचा एकूण खरा आकडा १६,८०० अधिक १८,२००, बरोबर ३५,०००. जेवढा बाहेर खर्च झाला तेवढाच, आणि तसंच असायला पाहिजे. बाहेर जेवायचे पैसे, सुट्ट्या, मनस्ताप, मुलीची शाळा लांब पडली हे सगळं मनात ठेवा, मागणीत घालू नका, ते सिद्ध करणं अवघड आणि त्याने बाकीचा दावा पातळ होतो.

त्याच कलमात एक अट अशी की नुकसान कमी करायचे उपाय तुमच्याकडे होते का तेही बघितलं जातं. तीन माणसांच्या कुटुंबाला १,५०० ची खोली कोणालाही पटेल, पाच हजारांची पटली नसती. शहरातच सासुरवाडी मोकळी असताना हॉटेलात राहिलात असं असतं तर काकांनी ते काढलं असतं. बिलं मात्र जीएसटी वाली, नावावरची, तारखेची हवीत. गोडाऊनवाल्याने कच्ची चिठ्ठी दिली असेल तर त्याच्याकडून आजच पक्की पावती घ्या.

आणि आता ती अट जी मी वर म्हणालो. करार कायद्याचं कलम ५५. ठरलेल्या वेळी काम न करणाऱ्याकडून तुम्ही नंतर, उशिरा, ते काम स्वीकारलंत, म्हणजे १ च्या ऐवजी १२ ला चावी घेतलीत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही, जोपर्यंत स्वीकारतानाच तुम्ही समोरच्याला 'मी भरपाई मागणार आहे' असं कळवलेलं नाही. जेव्हा वेळ हा कराराचा गाभा असतो तेव्हा हे लागू होतं, आणि भाड्याच्या घरात ठरलेली तारीख गाभा नाही असं म्हणणं अवघडच, कारण माणूस जुनं घर सोडून आलेला असतो. म्हणजे तारीख महत्त्वाची म्हणायचं तर ही अटही मागे लागते. चावी घेताना गप्प बसलात की दुसरी पिशवी जवळपास रिकामी झाली.

कोथरूडचे एक अशील होते, साधे गृहस्थ, २५ दिवस उशीर झाला होता, सव्वीसाव्या दिवशी ओनर स्वतः चावी आणि पेढे घेऊन आला, हे भारावून गेले आणि रात्री मेसेज टाकला, 'नो इश्यूज काका, थँक यू सो मच'. तीन महिन्यांनी माझ्याकडे हिशोब घेऊन आले. मी तो मेसेज वाचला आणि म्हटलं, तुमचा दावा तुम्हीच विसर्जित केलात, ढोलताशे लावून. भाड्याचे दिवस तरी सोडवून घेतले कसेबसे, खर्चातला एक रुपया मिळाला नाही.

तुमचं त्यांच्याइतकं वाईट नाही. ४ जूनचा मेसेज आहे आणि 'हो हो बघू' हे उत्तर आहे. ते कबुली नाही, पण काकांना कळलेलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं नाही, हे त्यातून दिसतं. मात्र तो मेसेज फक्त भाड्याबद्दल आहे, गेस्टहाऊस-टेम्पोबद्दल त्यात शब्द नाही. त्यामुळे माझं मत असं की भाड्याचे १६,८०० तुमचे बऱ्यापैकी भक्कम आहेत, त्यातले १०,२६७ तर कोणीही मान्य करेल, आणि १८,२०० हा खर्च तुम्ही मागावा पण तो बोलणीतला पत्ता आहे, हक्क म्हणून त्यावर अडून बसू नये. १२ ते १९ च्या दरम्यान अजून काही लिहिलेलं सापडलं ज्यात खर्चाचा उल्लेख आहे, तर मत बदलेन. चॅट आत्ताच एक्सपोर्ट करून ईमेलवर टाका, फोन हरवतात आणि काही लोक 'डिलीट फॉर एव्हरीवन' पण करतात.

'शेवटी १८ दिवस जास्त राहा' ही ऑफर ऐकायला गोड आहे, पण घेऊ नका. तुमचं रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट ३० एप्रिलला संपतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ असं आहे की मुदत संपली की लायसन्सीने जागा सोडायची, सोडली नाही तर ओनर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दराने पैसे मागू शकतो. आणि त्या प्रक्रियेत लेखी अ‍ॅग्रीमेंटमध्ये जे लिहिलंय तेच निर्णायक पुरावा मानलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'राहा हो १८ मे पर्यंत' तिथे कितपत टिकेल? काका आज प्रामाणिक असतील, पण एप्रिलमध्ये नवा भाडेकरू ३२ हजार द्यायला तयार होऊन दारात उभा असेल तेव्हा ते काय म्हणतील हे मी पैजेवर सांगू शकतो. मुदत खरंच पुढे न्यायची तर तेवढ्यासाठी पुन्हा स्टॅम्प ड्यूटी, पुन्हा रजिस्ट्रेशन, पुन्हा सगळ्यांचे थम. अठरा दिवसांसाठी कोण करतंय. शिवाय त्या ऑफरमध्ये तुमचे आजचे पैसे आज अडकतात आणि फायदा अकरा महिन्यांनी, तोही तेव्हा तुम्हाला १८ दिवस लागणार असतील तर. बदली झाली, लवकर सोडलं, तर सगळंच गेलं. त्यापेक्षा मुदत जशी आहे तशी राहू दे, ३० एप्रिल तर ३० एप्रिल, पैसे जुलैमध्ये वळते करा.

यातली गंमत बघा, बहुतेक ड्राफ्टमध्ये भाडेकरूने उशीर केला तर दुप्पट, आणि ओनरने उशीर केला तर काय, याबद्दल एक ओळ नसते. पुढच्या वेळी ड्राफ्ट येईल तेव्हा 'इतर अटी'मध्ये एवढं टाकून घ्या: 'प्रत्यक्ष व राहण्यायोग्य ताबा ज्या दिवशी मिळेल त्या दिवसापासूनच लायसन्स फी लागू होईल, आधीच्या दिवसांची फी दिली असल्यास ती पुढील महिन्यात दिवसांच्या हिशोबाने वळती होईल.' ओनर कुरकुर करतात, पण घर खरंच तयार असेल तर सही करतात. ज्याने या अटीला कडाडून विरोध केला त्याचं घर तयार नाहीये असं मी समजतो आणि आजवर फारसा चुकलो नाही.

आता जुलैचं. सरळ कापून देऊ का, तर आज नाही, आधी मागा. कारण नेहमीच्या ड्राफ्टमध्ये अट असते की लायसन्सीने वेळेवर फी भरली नाही किंवा अटी मोडल्या तर ओनर एक महिन्याची नोटीस देऊन लायसन्स रद्द करू शकतो. न सांगता १६,८०० कापून ११,२०० टाकलेत तर काका लगेच म्हणतील भाडं थकवलं, आणि मूळ मुद्दा, म्हणजे त्यांचा उशीर, बाजूला पडून तुमचीच चूक चर्चेत येईल. म्हणून आज रात्री असा मेसेज करा, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवरही, एजंटाला कॉपी ठेवून. त्याने दलाली घेतलीये आणि १ तारीख त्याच्यासमोर ठरलीये, तो तुमचा आयता साक्षीदार आहे:

> काका, नमस्कार. अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे घर १ जूनपासून मिळणार होतं. चावी १२ जूनला मिळाली आणि किचनचं काम १८ जूनला संपलं, आम्ही १९ ला राहायला आलो. जूनचं पूर्ण भाडं २८,००० मी आधीच दिलेलं आहे. ४ जूनला आपलं बोलणं झाल्याप्रमाणे न मिळालेल्या १८ दिवसांचं भाडं १६,८०० जुलैच्या भाड्यात वळतं करावं, म्हणजे जुलैचे ११,२०० देणं होईल. याशिवाय उशिरामुळे गेस्टहाऊस, गोडाऊन, टेम्पोचा जो जादा खर्च झाला तो भाडं वजा जाता १८,२०० आहे, बिलं सोबत पाठवतोय, त्याबद्दल भेटून बोलू. अ‍ॅग्रीमेंटची मुदत ३० एप्रिलपर्यंत आहे तशीच राहील. ४ तारखेपर्यंत कळवावं.

यात चार-पाच गोष्टी मुद्दाम आहेत. तारखा आहेत, आरोप नाहीत. भाडं आणि खर्च वेगळे आहेत. जुन्या बोलण्याचा उल्लेख आहे. आणि उत्तराची तारीख आहे. रागाचं एक विशेषण जरी घातलंत तरी तो मेसेज काकांच्या मुलाकडे जातो, मुलगा बंगलोरला असतो, त्याला काही माहीत नसतं आणि तो बापाचा अपमान झाला म्हणून पेटतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय.

काकांनी हो म्हटलं तर लेखी हो घ्या, 'ओके' चालेल पण आकड्यासकट असलं तर बरं, आणि भाडेपावती जूनची ११,२०० ची, जुलैची २८,००० ची मागा, कारण एचआरए घेत असाल तर पावती आणि बँकेतले आकडे नंतर जुळले पाहिजेत. जुलैला प्रत्यक्ष ११,२०० गेले तर 'जूनच्या जादा भरलेल्या १६,८०० सह' असं पावतीवर लिहून घ्या.

त्यांनी उत्तरच दिलं नाही किंवा ताठ नाही म्हटलं, तर ५ तारखेला माझा सल्ला असा की फक्त वादातीत तुकडा कापा, म्हणजे १०,२६७, आणि १७,७३३ वेळेवर भरा, ट्रान्सफरच्या रिमार्कमध्ये 'जुलै भाडे, ११ दिवस समायोजित' लिहा, आणि सोबत एक ओळ पाठवा की उरलेल्या ७ दिवसांबद्दलचा आणि खर्चाबद्दलचा माझा हक्क मी सोडलेला नाही. याला धोका शून्य नाही. काका खवळून एक महिन्याची नोटीस देऊ शकतात, तुमच्याकडे लॉक-इन दोघांवर बंधनकारक आहे की फक्त तुमच्यावर हे कागदात बघा. पण व्यवहारात दहा हजारांसाठी ओनर चालू भाडेकरूला काढत नाही, कारण पुन्हा घर रिकामं पडणार, पुन्हा अ‍ॅग्रीमेंटचा खर्च, आणि तुमच्या ८४,००० पैकी बरंचसं त्यांनी त्याच ट्रॉल्यांना घातलेलं असतं, ते लगेच परत द्यायची तयारी नसते. तुम्हाला मात्र मुलीची शाळा जवळ म्हणून काहीही करून इथेच राहायचंय, थोडाही धोका नको असेल, तर पूर्ण २८,००० भरा आणि 'हक्क राखून भरत आहे' एवढं लिहून पाठवा. पैसे मागायला करार कायद्याखालच्या दाव्यात तीन वर्षं असतात, मुदत पळून जात नाही. पण माझं स्पष्ट मत, नंतर मागू म्हणून ठेवलेले पैसे अकरा महिन्यांनी डिपॉझिटच्या हिशोबात कोपऱ्यात जातात, कारण तेव्हा त्यांच्या हातात तुमचे ८४,००० असतात आणि भिंतीवरच्या खिळ्यांची यादी तयार असते. तुमची बाजू सगळ्यात मजबूत आहे ती आत्ता, पहिल्या दोन महिन्यांत.

कोर्टाचं थोडक्यात सांगतो. ज्या सक्षम प्राधिकाऱ्याचं वर नाव घेतलं ते ओनरला ताबा परत मिळवून देण्यासाठी आहे, तुमची भरपाईची मागणी तिथे घेऊन जाता येत नाही. तुम्हाला दिवाणी मार्गाने जावं लागेल आणि ३५ हजारांसाठी वकिलाची फी, तारखा, सुट्ट्या धरल्या तर मी स्वतः वकील असून सांगतो, जाऊ नका. वकिलाची नोटीस एकदा पाठवायला हरकत नाही, पण तीही या मेसेजच्या नंतर, आधी नाही, नोटीस गेली की सोसायटीच्या लिफ्टमध्ये पुढचे दहा महिने काकांशी नजर चुकवत फिरावं लागतं.

अशा केसेस मिटतात कुठे तेही सांगतो म्हणजे भेटायला जाताना मनात आकडा असेल. तुमच्यासारख्या केसमध्ये मी भाड्याचे पूर्ण १६,८०० आणि वर गोडाऊन-टेम्पोचे ८,००० पर्यंत मागून बसतो आणि गेस्टहाऊसचे १०,२०० सोडायच्या तयारीत असतो. काका म्हणतात फक्त ११ दिवसांचे देतो. मग १२ ते १८ चं अर्धं अर्धं होतं, टेम्पोचे साडेतीन त्यांच्याकडून घेतले जातात आणि साधारण सतरा हजारांवर चहा येतो. त्याच्या वर मिळालं तर काका चांगले आहेत समजा, आणि १०,२६७ च्या खाली मात्र उतरू नका, काही झालं तरी.

जाताजाता विजेचं, कारण कोणाच्याच लक्षात राहत नाही. १ ते १८ जून तिथे सुताराचं कटर, ड्रिल, पंखे सगळं चाललंय आणि महावितरणचं बिल महिन्याचं एकत्र येणार आहे. १९ ला राहायला येताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढलात का? नसेल तर आज काढा, १९ पासून आजपर्यंतचे दिवस मोजा, पुढच्या आठवड्यात अजून एक फोटो काढून तुमचा रोजचा वापर किती युनिट आहे ते बघा आणि मागे हिशोब लावा, १९ च्या आधीचे युनिट काकांचे. पाइप गॅस असेल तर त्याच्या मीटरचाही तसाच फोटो.